गॅप नेहमी भरतो का? मार्च २०२० च्या एकाच पडझडीतले तिन्ही प्रकारचे गॅप

प्रश्न: सर, सगळे म्हणतात गॅप भरतोच, म्हणून मी निफ्टीत गॅप डाउन झालं की घेऊन बसतो. कधी दोन दिवसात भरतो, कधी महिनोन्महिने भरत नाही आणि मी अडकतो. ब्रेकअवे, रनअवे, एक्झॉशन हे गॅप त्याच दिवशी ओळखता येतात का? आणि गॅप खरंच नेहमी भरतो का?

उत्तर:

नाही, नेहमी भरत नाही. आणि त्याच दिवशी शंभर टक्के ओळखताही येत नाही, एक्झॉशन तर जवळजवळ कधीच नाही. पण तुमचा खरा प्रॉब्लेम तिसराच आहे असं मला वाटतं. "भरतो" या वाक्यात किती दिवसात भरतो ते कुणी सांगत नाही, आणि तोपर्यंत भाव तुमच्या विरुद्ध किती जाईल तेही कुणी सांगत नाही. पैसे जातात ते या दोन गोष्टींमुळे. खाली एकच पडझड घेऊन दाखवतो, फेब्रुवारी-मार्च २०२० ची निफ्टी, कारण तिच्यात तिन्ही प्रकार एकापाठोपाठ आहेत आणि चार्ट तुम्ही स्वतः उघडून ताडून बघू शकता. आकडे मी बहुतेक ठिकाणी पूर्णांकात देतोय.

आधी गॅप कशाला म्हणायचं ते ठरवू, कारण अर्धे वाद इथेच होतात. चार्टवाल्यांचा खरा गॅप म्हणजे आदल्या दिवशीचा लो आणि आजचा हाय यांच्यामधली मोकळी जागा (गॅप डाउन असेल तर), किंवा आदला हाय आणि आजचा लो यांच्यामधली (गॅप अप असेल तर). त्या पट्ट्यात दोन्ही दिवसात एकही सौदा झालेला नसतो. टीव्हीवर मात्र गॅप म्हणतात ते कालचा क्लोज आणि आजचा ओपन यातला फरक. या दोन व्याख्यांनी एकाच दिवसाचं उत्तर पूर्ण वेगळं येऊ शकतं, पुढे तसा दिवस येणारच आहे. आणि भरला कधी म्हणायचं, तर पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला भाव पोचला तर. अर्धा आत शिरून परत फिरला तर तो भरला नाही, आणि ती अर्धी भेटच खूप काही सांगून जाते.

गॅप का पडतो, तर आपलं मार्केट साडेतीनला बंद होतं आणि बातम्या बंद होत नाहीत. रात्रभर अमेरिका चालू, गिफ्ट निफ्टी चालू, आणि सकाळी ९ ते ९:०८ प्री-ओपनमध्ये ऑर्डरी गोळा होऊन प्रत्येक शेअरचा एक भाव निघतो, त्या पन्नास भावांवरून निफ्टीचा ओपन येतो. म्हणजे बातमी किती मोठी यापेक्षा ती कुठल्या वेळेला आली यावर गॅप पडणार की नाही ते ठरतं. २० सप्टेंबर २०१९ आठवा, अर्थमंत्र्यांनी कॉर्पोरेट टॅक्स कमी केल्याचं गोव्यात पत्रकार परिषदेत सांगितलं, शुक्रवार सकाळ, मार्केट चालू. निफ्टी पाच टक्क्यांहून जास्त वर बंद झाला पण गॅप नव्हता, सगळी मोठी चाल एकाच कँडलमध्ये. गॅप पडला तो सोमवारी २३ तारखेला, शुक्रवारी ज्यांना घ्यायला मिळालं नाही त्यांच्या खरेदीचा, आणि तो ऑक्टोबर उजाडताच भरून गेला. बातमी तीच, पण गॅपमध्ये तिचा फक्त उरलेला भाग होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता २०२० वर येऊ. निफ्टीचा टॉप २० जानेवारीला १२,४३० ला झाला. नंतर फेब्रुवारीभर तो साधारण ११,६०० ते १२,२५० मध्ये फिरत होता, बजेटला खाली, मग वर, मग परत हळूहळू खाली. २७ फेब्रुवारीचा लो ११,५३७ च्या आसपास. २८ फेब्रुवारीला शुक्रवारी कोरोनाच्या धास्तीने जगभर विक्री, निफ्टी ११,३८२ ला ओपन, दिवसाचा हाय ११,३८५, म्हणजे ओपननंतर वर गेलाच नाही, आणि क्लोज ११,२०२. म्हणजे ११,३८५ ते ११,५३७ हा सुमारे १५२ पॉइंटचा मोकळा पट्टा. हा ब्रेकअवे. का, तर आठवडेच्या आठवडे भाव ज्या रेंजमध्ये होता त्या रेंजच्या तळाखाली उडी मारून तो बाहेर पडला. रेंजमध्ये घेतलेले सगळे एका सकाळीत तोट्यात गेले, त्यांना बाहेर पडायला संधीच मिळाली नाही, आता भाव जरा वर आला की ते विकणार. ब्रेकअवे गॅप लवकर भरत नाही तो यामुळे. वरच्या पट्ट्यात अडकलेला माल बसलेला असतो.

आणि हे पुढच्याच सत्रात दिसलं. सोमवार २ मार्चला निफ्टीने वर यायचा प्रयत्न केला, हाय ११,४३३, म्हणजे पट्ट्याच्या आत जेमतेम तिसरा हिस्सा गेला, तिथे विक्री आली आणि त्याच दिवशी ११,१३३ ला बंद. सकाळच्या हायपासून तीनशे पॉइंट खाली. गॅप डाउननंतर भाव पट्ट्यात शिरतो, पलीकडच्या कडेला पोचत नाही आणि पट्ट्याच्या खाली क्लोज देतो, ब्रेकअवे ओळखायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे. पण ती गॅपच्या दिवशी मिळत नाही, एक-दोन सत्रांनी मिळते. तेवढं थांबायचं.

आता तुमच्या पद्धतीने बघू. समजा २८ फेब्रुवारीला कुणी ११,३८५ च्या आसपास निफ्टी फ्युचरचा एक लॉट घेतला, टार्गेट गॅप भरणे म्हणजे ११,५३७. तेव्हा लॉट ७५ चा होता, म्हणजे मिळणार होते साधारण ११,४०० रुपये. स्टॉपलॉस नाही कारण "गॅप भरतोच". २४ मार्चला निफ्टीचा लो ७,५११. त्या क्षणी एका लॉटवर तोटा ३,८७४ पॉइंट गुणिले ७५, म्हणजे दोन लाख नव्वद हजार. आणि गॅप भरला का, तर हो, भरला! ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या आठवड्यात निफ्टी परत त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पोचला. सहा महिने. ज्यांनी तुम्हाला सांगितलं की गॅप भरतोच त्यांच्या हिशोबात हा गॅप "भरला" या यादीत आहे. अकरा हजारासाठी दोन लाख नव्वद हजारांचा मार्क टू मार्केट भरत, दर महिन्याला रोलओव्हर करत, वाढलेलं मार्जिन देत कोण टिकलं असेल ते तुम्हीच बघा, आणि कॉल घेऊन बसला असेल तर तो एक्सपायरीला शून्य झाला, त्याला ऑगस्टचा काहीच उपयोग नाही.

पुढे रनअवे. हा चालू ट्रेंडच्या मध्ये पडतो, रेंज तोडताना नाही आणि शेवटालाही नाही. जे लोक आधीच्या चालीवर विश्वास ठेवत नव्हते ते घाबरून सामील होतात, किंवा नवी वाईट बातमी आधीच्या बातमीवर चढते. मार्च २०२० मध्ये असे तीन पडले. ६ मार्चला, कारण आदल्या संध्याकाळी येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम लावला होता आणि बाहेरही विक्री होती. ९ मार्चला, कारण शनिवार-रविवारी सौदी आणि रशियाचं तेलावरून दरयुद्ध सुरू झालं आणि क्रूड कोसळलं. आणि १२ मार्चला, आदल्या रात्री जागतिक आरोग्य संघटनेने पँडेमिक जाहीर केल्यावर, हा सगळ्यात मोठा, साधारण १०,३३४ ते १०,०४१, म्हणजे जवळपास तीनशे पॉइंटचा कोरा पट्टा. त्या दिवशी क्लोज ९,५९०.

रनअवेला मेजरिंग गॅपही म्हणतात, कारण असं शिकवतात की तो चालीच्या साधारण अर्ध्यावर पडतो, तर टॉपपासून गॅपपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढंच खाली टार्गेट धरा. करून बघा. १२,४३० पासून १२ मार्चच्या गॅपच्या मध्यापर्यंत (१०,१८७ धरा) २,२४३ पॉइंट, तेवढेच खाली मोजले तर टार्गेट ७,९४४. प्रत्यक्ष बॉटम ७,५११. अंदाज वाईट नाही, वर्गात दाखवायला तर मस्तच. पण आता हेच ६ मार्चच्या गॅपवरून करा, टार्गेट येतं ९,८५० च्या आसपास. ९ मार्चच्या गॅपवरून करा, ९,१५० च्या आसपास. मग ६ मार्चला कुणाला माहीत होतं की अर्ध्यावरचा गॅप हा नाही, अजून दोन यायचेत? ज्यांनी पहिल्या दोन टार्गेटवर बॉटम समजून खरेदी केली ते सोळाशे ते तेवीसशे पॉइंट खाली बघत बसले. म्हणून मी मेजरिंगचा उपयोग घुसण्यासाठी करत नाही, फार तर आधीच शॉर्ट असलो तर अर्धा नफा कुठे खिशात टाकायचा एवढ्यापुरता. कुठला गॅप मधला होता ते चाल संपल्यावरच कळतं.

१२ मार्चचा गॅप भरला जून २०२० मध्ये, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांनी.

मधे १३ मार्चबद्दल सांगायलाच हवं कारण तुमच्यासारख्या गॅप डाउनला घेणाऱ्यांना असे दिवस फार आवडतात. शुक्रवार, निफ्टी ९,१०८ ला ओपन, आदल्या दिवशीच्या लोच्याही चारशे पॉइंट खाली, काही मिनिटात दहा टक्क्यांचं लोअर सर्किट, ४५ मिनिटं ट्रेडिंग बंद, लो ८,५५५. उघडल्यावर उलटा फिरला आणि ९,९५५ ला बंद, आदल्या क्लोजच्याही वर. गॅप त्याच दिवशी भरला. रोजच्या चार्टवर आज तुम्हाला तिथे गॅप दिसणारच नाही, फक्त एक लांबलचक कँडल दिसेल. त्या दिवशी कितीतरी लोकांना वाटलं झालं, बॉटम झाला, गॅप भरला की बॉटम. सात सत्रांनी निफ्टी ७,५११ ला होता. म्हणजे गॅप भरणं आणि ट्रेंड संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भरल्यावरही बाजार आणखी चोवीस-पंचवीस टक्के पडू शकतो.

आता एक्झॉशन, म्हणजे चाल संपता संपता पडणारा शेवटचा गॅप. २० मार्चला शुक्रवारी निफ्टी ८,७४५ ला बंद झाला होता, दिवसाचा लो ८,१७८. रविवारी जनता कर्फ्यू, राज्याराज्यात लॉकडाउन लागू व्हायला सुरुवात, आणि सोमवारी २३ मार्चला ओपन ७,९४६. क्लोज ते ओपन बघाल तर आठशे पॉइंटचं गॅप डाउन. परत दहा टक्क्यांचं सर्किट, परत ४५ मिनिटं बंद, पण यावेळी उघडल्यावर रिकव्हरी नाही, क्लोज ७,६१०, जवळजवळ तेरा टक्के खाली, लोच्या अगदी जवळ. त्या दिवसाचा हाय ८,१५९. म्हणजे चार्टवाल्यांच्या व्याख्येने खरा कोरा पट्टा ८,१५९ ते ८,१७८, जेमतेम वीस पॉइंट! टीव्हीच्या गॅपमध्ये आणि या गॅपमध्ये किती फरक असतो ते बघा.

२४ ला लो ७,५११, क्लोज ७,८०१. २५ मार्चला निफ्टी ८,३१८ ला बंद झाला, पट्ट्याच्या पलीकडे. दोन सत्रात भरला, आणि नुसता भरला नाही तर पट्ट्याच्या वर क्लोज दिला. तेव्हा, आणि तेव्हाच, २३ तारखेच्या गॅपला एक्झॉशन म्हणता आलं. २३ ला संध्याकाळी जो कुणी म्हणाला की हे एक्झॉशन आहे तो बरोबर ठरला असेल, पण त्याच्याकडे पुरावा नव्हता. चार्ट पाहिला तर तो १२ तारखेसारखाच दिसत होता, मोठं गॅप डाउन, दिवसभर विक्री, लोच्या जवळ क्लोज.

मग आगाऊ काहीच दिसत नाही का? शंका यायला जागा होती, तेवढंच. पहिली गोष्ट, टॉपपासून बाजार आधीच पस्तीस टक्क्यांहून जास्त पडला होता आणि हा त्या चालीतला पहिला नाही तर पाचवा-सहावा गॅप होता. चालीतला गॅप जितका उशिराचा तितका तो शेवटचा असायची शक्यता जास्त, एवढं म्हणायला हरकत नाही. दुसरी, इंडिया व्हिक्स ७० च्या वर होता, म्हणजे ऑप्शनवाले भीतीसाठी आधीच अफाट किंमत मोजत होते. तिसरी, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, नंतरच्या दिवशी वाईट बातमी येऊनही बाजार खाली जायला तयार नव्हता. २४ तारखेला रात्री देशभर २१ दिवसांचा लॉकडाउन जाहीर झाला, याहून वाईट बातमी काय असणार, आणि २५ ला बाजार जरासा खाली उघडून साडेसहा टक्के वर बंद झाला. वाईट बातमीवर नवा लो बनत नाही, उलट गॅप भरून निघतो, तेव्हा समजायचं विकणारे संपले. प्रेशर कुकरची शिट्टी वाजून वाफ निघून गेल्यावर खाली गॅस चालू असूनही क्षणभर सगळं शांत होतं तसं.

तर एकाच पडझडीत पहिला गॅप भरायला सहा महिने, मधला तीन-साडेतीन महिने, शेवटचा दोन सत्रं. हे अंतर अपघात नाही. पहिला सगळ्यात वर असतो म्हणून परत येताना सगळ्यात शेवटी लागतो, शेवटचा सगळ्यात जवळ असतो म्हणून आधी लागतो. त्यामुळे "लवकर भरला म्हणून एक्झॉशन" हे थोडं व्याख्येतूनच येतं, त्यातून भविष्य सांगता येत नाही. गॅपची नावं ही बरीचशी मागे वळून दिलेली नावं आहेत हे मान्य करूनच ती वापरायची.

आता कधीच न भरलेले. ७ एप्रिल २०२० बघा. ३ एप्रिलला निफ्टी ८,०८४ ला बंद, ६ ला महावीर जयंतीची सुट्टी, ७ ला ८,४४६ ला ओपन आणि क्लोज ८,७९२, एका दिवसात पावणेनऊ टक्के. ८,०८४ हा भाव निफ्टीने त्यानंतर परत कधी पाहिलेला नाही. गंमत म्हणजे पुस्तकी नियमाने तो ब्रेकअवे पण नव्हता, कारण मार्चअखेरीस निफ्टी ९,००० च्या जवळ जाऊन आला होता, म्हणजे हा गॅप रेंजच्या आतच पडला, आणि रेंजमधल्या अशा गॅपला कॉमन गॅप म्हणून तो हमखास भरतो असं शिकवतात. तो भरला नाही. हाय-लोच्या व्याख्येने बघाल तर तो पट्टा अगदी चार-पाच पॉइंटचा आहे, म्हणजे बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो गॅप म्हणून पकडलाही जाणार नाही. दोन व्याख्यांनी पूर्ण वेगळं उत्तर येतं असं मी वर म्हटलं होतं, तो दिवस हाच.

दुसरा त्याहून जुना, १८ मे २००९. निवडणुकीचा निकाल शनिवारी लागला, सोमवारी निफ्टी वरच्या सर्किटला गेला आणि दिवसभरासाठी बाजार बंद, ३,६७२ वरून ४,३२३. त्यानंतर जुलैमध्ये करेक्शन आलं तेव्हाही निफ्टी ३,९०० च्या वरच थांबला, आणि ३,६७२ आजतागायत परत आलेला नाही. त्या सोमवारी सकाळी शॉर्ट करून गॅप भरायची वाट बघणारा अजून वाट बघतोय.

यातलं कारण साधं आहे. निफ्टीसारखा इंडेक्स वर्षानुवर्षं वर सरकत राहतो, म्हणून वर जाताना बॉटमजवळ पडलेले काही गॅप अप कायमचे मागे राहतात, आणि गॅप डाउन मात्र कधी ना कधी भरतात कारण इंडेक्स पुढे नवा हाय करतो. यावरून गॅप डाउनला घेणं सोपं असा निष्कर्ष काढू नका, वरचा दोन लाख नव्वद हजारांचा हिशोब गॅप डाउनचाच होता. आणि एकेका शेअरला तर हे लागूच नाही. ज्या कंपनीचे हिशोबच खोटे निघाले किंवा कर्ज बुडालं तिचा खालचा गॅप भरायला कंपनी तर उरली पाहिजे. आपण चार्टवर आज जे शेअर बघतो ते टिकलेले, म्हणून आपल्याला भरलेले गॅपच जास्त दिसतात.

आता ओळखायला तुम्ही नक्की काय बघाल. मी सकाळी पहिला प्रश्न विचारतो की बातमी पूर्ण झाली आहे की अजून यायची आहे. याचं उदाहरण ३ जून २०२४. एक्झिट पोल आले, निफ्टी २२,५३१ वरून २३,३३८ ला ओपन, ऑल टाइम हायच्या वर, ताकदीने क्लोज २३,२६४. रेंजच्या वर उडी, जुन्या हायच्या वर उडी, ब्रेकअवेच्या सगळ्या खुणा हजर. पण निकाल दुसऱ्या दिवशी होता! गॅप अंदाजाचा होता, निकालाचा नव्हता. ४ जूनला निकाल वेगळा दिसायला लागला आणि गॅप तर भरलाच, निफ्टी २१,२८१ पर्यंत खाली गेला. चार्टच्या आकारावरून हे कळायची काही सोय नव्हती, कॅलेंडरवरून होती.

दुसरी गोष्ट व्हॉल्यूम. निफ्टी स्पॉटला स्वतःचा व्हॉल्यूम नसतो, तुमच्या स्क्रीनवर दिसतो तो बहुतेक पन्नास शेअरची बेरीज असते, म्हणून फ्युचरचा व्हॉल्यूम आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून उभे असलेले सौदे, बघा. गॅप डाउनला ओपन इंटरेस्ट वाढतोय म्हणजे नवे शॉर्ट येतायत, चाल पुढे जायची शक्यता. ओपन इंटरेस्ट जोरात कमी होतोय आणि व्हॉल्यूम प्रचंड, म्हणजे जुने लाँग जबरदस्तीने बाहेर फेकले जातायत, हे शेवटाच्या जवळ जास्त दिसतं. एक्सपायरीच्या आठवड्यात मात्र हा नियम वापरू नका, रोलओव्हरमुळे ओपन इंटरेस्ट तसाही हलतो, निदान चालू आणि पुढचा महिना मिळून बघा.

तिसरी, पहिला अर्धा तास काही करू नका. त्या अर्ध्या तासाचा हाय-लो आखून ठेवा. गॅप डाउन असेल आणि भाव पट्ट्यात न शिरता त्या अर्ध्या तासाचा लो तोडत असेल तर त्या दिवशी भरण्यावर पैसे लावायचे नाहीत, विषय संपला. पट्ट्यात शिरला तर पलीकडची कडा ओलांडून क्लोज देतो का तेवढं बघायचं. क्लोज मिळाला तर दुसऱ्या दिवशी घ्या, स्टॉपलॉस गॅपच्या दिवसाच्या लोखाली. थोडं महाग पडेल, पण २ मार्चसारख्या अर्धवट भेटीत अडकणार नाही.

स्टॉपलॉसबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, गॅपला स्टॉपलॉस वाचवत नाही. २० मार्चला कुणी ८,७४५ ला लाँग ठेवून ८,६०० चा स्टॉप ठरवला असता तर सोमवारी तो ८,६०० ला नाही, ७,९४६ च्या आसपास कटला असता, ठरवलेल्यापेक्षा साडेसहाशे पॉइंट जास्त, एका लॉटला आणखी ४९ हजार. आणि एसएल लिमिट ऑर्डर असेल, ट्रिगर ८,६०० आणि लिमिट ८,५९०, तर ती कटलीच नसती, ऑर्डर वर लटकलेली आणि भाव खाली पळतोय. म्हणून रात्रभर पोझिशन न्यायची असेल तर तोट्याची हद्द लॉट कमी ठेवून किंवा खाली एक पुट घेऊन ठरवायची. पुटचा खर्च दर वेळी टोचतो, पण गॅपच्या विरुद्ध काम करणारी तेवढीच एक गोष्ट आहे.

आणि जुना डेटा घेऊन स्वतः गॅप मोजायला बसणार असाल, तसं कराच, तर दोन ठिकाणी फसाल. एक, एनएसईवर प्री-ओपन १८ ऑक्टोबर २०१० पासून आहे. त्याआधी सकाळी पहिला सौदा होईपर्यंत शेअरचा कालचाच भाव धरला जायचा, म्हणून निफ्टी स्पॉटचा ओपन कालच्या क्लोजला चिकटलेला दिसतो. १८ मे २००९ ची कँडल उघडून बघा, इतका मोठा गॅप पण चार्टवर ओपन जवळपास आदल्या क्लोजलाच आहे, एक उंच हिरवी कँडल. त्या काळासाठी फ्युचरचा डेटा घ्या, नाहीतर तुमची मोजणी सांगेल की २०१० च्या आधी गॅप पडतच नव्हते. दोन, शेअरमध्ये डिमर्जर, बोनस, स्प्लिट, मोठा डिव्हिडंड यामुळे पडलेली जागा गॅप नाही. २० जुलै २०२३ ला रिलायन्स जवळपास २,८४० वरून २,५८० ला उघडला कारण जिओ फायनान्शियल वेगळी काढली, खास प्री-ओपन सेशन ठेवून भाव काढला गेला. कुणीही घाबरून विकलेलं नव्हतं, भागधारकाकडे तेवढ्या किमतीचा दुसरा शेअर आला. तुमचा डेटा अॅडजस्ट केलेला नसेल तर तिथे मोठा ब्रेकअवे दिसेल आणि तुम्ही तो भरायची वाट बघाल.